सहा, आठ, बाराचे मालक एकमेकांच्या घरी

हल्ली मोबाइलवर काढलेल्या पत्रिकेत योगांची एक लांबलचक यादी येते आणि तिच्यात बहुतेक वेळा एक ओळ असतेच: ‘विपरीत राजयोग आहे’. वाचणाऱ्याला बरं वाटतं. आधीच दिवस वाईट चाललेले असतात, म्हणून तर पत्रिका काढलेली असते, आणि वाईटातूनच चांगलं होणार असं कुणी लिहून दिलं की धीर येतो. पण ती ओळ कुठून आली हे एकदा बोटांवर मोजून पाहावं. षष्ठेश, अष्टमेश किंवा व्ययेश, म्हणजे सहाव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानांचे स्वामी, यांतला कुणीही एक सहा-आठ-बारापैकी कुठल्याही स्थानात सापडला की सॉफ्टवेअर योग झाल्याचं सांगतं. बारा स्थानांपैकी तीन, म्हणजे एका स्वामीला चारात एक संधी. तीन स्वामी आहेत. तिघांपैकी एकही तिथे नसण्याची शक्यता येते चौसष्टात सत्तावीस. उरलेल्या सदतिसांमध्ये योग आहे. ढोबळ हिशेबानं शंभरातल्या अठ्ठावन्न पत्रिका राजयोगाच्या ठरल्या.

इतके राजे कुठेच नसतात. म्हणजे एक तर योग खोटा किंवा त्याची व्याख्या अर्धवट सांगितली जाते. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. या योगामागचा विचार फार बारीक आहे आणि तो कळला की यादीतली ती ओळ किती उथळ आहे हे आपोआप दिसतं.

मूळ मंत्रेश्वरांच्या ‘फलदीपिके’त पाहावं. तिथे हा विषय एकटा येत नाही, बारा स्थानांच्या एका मोठ्या मांडणीत येतो. एखाद्या स्थानाचा स्वामी दुःस्थानात, म्हणजे सहा-आठ-बारात गेला की त्या स्थानाची हानी होते, आणि अशा प्रत्येक हानीला मंत्रेश्वरांनी नाव दिलं आहे. पहिल्या स्थानाचा म्हणजे लग्नाचा स्वामी लग्नेश गेला तर अवयोग, दुसऱ्याचा धनेश गेला तर निःस्व, चतुर्थेश गेला तर कुहू, नवव्याचा भाग्येश गेला तर निर्भाग्य, अकराव्याचा लाभेश गेला तर दरिद्र. नावं वाचूनच पोटात गोळा येतो. या बारा नावांच्या रांगेत तीन नावं मात्र वेगळ्याच सुरातली आहेत. षष्ठेशाचा हर्ष, अष्टमेशाचा सरल, व्ययेशाचा विमल. नियम तोच आहे, स्वामी दुःस्थानात गेला की त्याच्या स्थानाचं नुकसान. फक्त या तिघांच्या बाबतीत नुकसान ज्याचं होतं ते स्थानच त्रासाचं आहे. ऋण, रोग आणि रिपू यांचं नुकसान झालं, तर माणसाचा फायदाच.

म्हणून हर्षाचं फळ सांगताना शत्रूंचा पाडाव आणि धडधाकट शरीर येतं, सरलाचं सांगताना दीर्घायुष्य आणि निर्भयपणा येतो, विमलाचं सांगताना खर्च थोडा नि धनवृद्धी मोठी असं येतं. या तीन फळांत सिंहासन कुठेच नाही. शत्रू हटला, मरण लांबलं, खर्च आटला, इतकंच. उणे आकड्यातून उणे आकडा वजा झाला. आपल्याकडे काट्यानं काटा काढणं म्हणतात ते हेच, आणि काटा निघाला म्हणून पायाला सोन्याचं पैंजण मिळत नाही. चालता येतं.

राजाची भाषा येते ती ‘उत्तरकालामृता’तल्या श्लोकात, आणि तिथे अटी कितीतरी कडक आहेत. अष्टमेश बाराव्यात किंवा सहाव्यात, षष्ठेश आठव्यात किंवा बाराव्यात, व्ययेश आठव्यात किंवा सहाव्यात. म्हणजे स्वतःच्या घरी बसलेला तिथे मोजलेला नाही, दुसऱ्या दुःस्थानात गेलेलाच मोजला आहे. पुढे म्हटलंय की हे स्वामी एकमेकांच्या राशीत, एकमेकांच्या युतीत किंवा दृष्टीत असावेत. आणि मग ती अट येते जी यादी छापणारे हमखास गाळतात: इतर ग्रहांची त्यांच्याशी युती नको, त्यांच्यावर दृष्टी नको. एवढं जमलं तर राजाधिराज.

ही शेवटची अट मला सगळ्या योगाचा कणा वाटते. तीन गुंड एका खोलीत कोंडले, बाहेरून कडी लावली आणि ते आपसात भांडून दमले, असा तो प्रकार आहे. कडी लागलीच नाही, किंवा आत घरातला एखादा भला माणूस अडकला, तर मार त्यालाही बसतो. लग्नेश, भाग्येश, पंचमेश असा एखादा चांगल्या स्थानाचा स्वामी या त्रिकुटाशी युतीत आला किंवा त्यांच्यावर दृष्टी टाकून बसला, तर संकट टळतं खरं, पण त्याची किंमत त्या चांगल्या स्थानातून वसूल होते.

कडी लागण्यात आणखी एक अडचण आहे. सूर्य आणि चंद्र सोडले तर प्रत्येक ग्रहाला दोन राशी, म्हणजे दोन स्थानं. षष्ठेश म्हणून आपण ज्याला दुःस्थानात जाताना पाहून खूश होतो, तोच दुसऱ्या एखाद्या चांगल्या घराचाही मालक असू शकतो आणि ते घरही तो बरोबर घेऊन बुडतो. वृषभ लग्नाला षष्ठेश शुक्र आहे, पण तोच लग्नेशही आहे. तो आठव्यात गेला तर मंत्रेश्वरांच्याच रांगेत हर्ष आणि अवयोग दोन्ही एकाच वेळी झाले. मेषेला अष्टमेश मंगळ हाच लग्नेश, तुळेला शुक्र तसाच, वृश्चिकेला षष्ठेश मंगळ तसाच, कुंभेला व्ययेश शनी तसाच. या पाच लग्नांना त्या-त्या स्वामीचा विपरीत राजयोग सांगताना फार जपून बोलावं, कारण तिथे शत्रूबरोबर स्वतःचं शरीरही पणाला लागलेलं असतं.

उलट काही लग्नांना हा योग फार स्वच्छ लागतो. सिंहेला व्ययेश चंद्र, कन्येला व्ययेश सूर्य, धनूला अष्टमेश चंद्र, मकरेला अष्टमेश सूर्य, कुंभेला षष्ठेश चंद्र, मीनेला षष्ठेश सूर्य. यांना दुसरं घरच नाही, त्यामुळे बुडवायला काही नाही. त्यानंतर येतात ते ज्यांचं दुसरं घर तिसरं आहे, कारण तृतीयेशालाही पाराशरीत पापीच म्हटलंय आणि तो गेला तर फारसं रडायचं कारण नाही. कन्येला अष्टमेश मंगळ हा तृतीयेश आहे. म्हणजे कन्या लग्नाला तिघांपैकी दोघं स्वच्छ. उरला शनी, जो षष्ठेश आणि पंचमेश आहे. त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

कन्येचीच एक कुंडली उदाहरणासाठी मांडते. कुणाची खरी पत्रिका नाही, पण ग्रहांची अंतरं आकाशात शक्य असतील अशीच घेतली आहेत. मे महिन्याचा पहिला आठवडा, दुपारी चारच्या थोडं पुढे जन्म, लग्न कन्या 15 अंश. सूर्य मेषेत 19 अंशांवर, म्हणजे आठव्यात. मंगळ सिंहेत 12 अंशांवर, म्हणजे बाराव्यात. शनी कुंभेत 11 अंशांवर, म्हणजे सहाव्यात. बुध वृषभेत 8 अंशांवर नवव्यात, सूर्यापासून 19 अंश लांब, त्यामुळे अस्तंगत नाही. शुक्र मिथुनेत दहाव्यात, गुरू वृश्चिकेत तिसऱ्यात, चंद्र धनूत 20 अंशांवर चौथ्यात, राहू कर्केत आणि केतू मकरेत.

आता जोडण्या पाहा. अष्टमेश मंगळ बाराव्यात आणि व्ययेश सूर्य आठव्यात, दोघं एकमेकांच्या राशीत, म्हणजे सरळ अन्योन्य योग. शनी कुंभेतून तिसऱ्या दृष्टीनं मेषेतल्या सूर्याला आणि सातव्या दृष्टीनं सिंहेतल्या मंगळाला पाहतो. मंगळ सातव्या दृष्टीनं शनीला परत पाहतो. तिघंही एकमेकांत गुंतलेले. बाहेरचं कोण येतं ते तपासू. गुरूच्या दृष्टी वृश्चिकेतून मीन, वृषभ आणि कर्केवर, तिघांपैकी कुणावरही नाही. चंद्राची मिथुनेवर, शुक्राची धनूवर, बुधाची वृश्चिकेवर. राहूच्या पाचव्या, सातव्या, नवव्या दृष्टी मानल्या तरी त्या वृश्चिक, मकर, मीन. कडी पूर्ण लागली आहे. आणि लग्नेश बुध या भांडणापासून दूर, भाग्यात, गुरूच्या दृष्टीत बसला आहे. त्रिकेशांचे, म्हणजे सहा-आठ-बाराच्या स्वामींचे, राजयोग सांगताना पाराशरीतही लग्नेश स्वतः बलवान असावा अशी अट घातलेली दिसते, आणि तिचं कारण व्यवहाराचं आहे: संकट आपसात मेलं तरी त्यातून उरलेलं उचलायला माणूस उभा असावा लागतो.

शनीबद्दल एक तक्रार राहते. तो स्वतःच्याच सहाव्यात आहे. फलदीपिकेच्या मोजमापानं हर्ष झाला, उत्तरकालामृताच्या मोजमापानं नाही. इथे तो योगाचा मुख्य खेळाडू नाही असं मी धरते. मुख्य जोडी सूर्य-मंगळाची, शनी त्यांना दृष्टीनं बांधून ठेवतो. शिवाय तो पंचमेश आहे आणि पाचव्यात केतू बसलाय, तेव्हा शिक्षण, संततीसाठी ठेवलेला पैसा, सट्टा या बाजूनं या माणसाला गळती आहे. योग कितीही चांगला म्हटला तरी ही गळती झाकून ठेवू नये.

सूर्याचाही प्रश्न आहे. तो उच्च राशीत आहे, परमोच्च 10 अंश ओलांडून पुढे गेलेला. व्ययेश उच्चीचा, हे चांगलं की वाईट? पाराशरीच्या राजयोगांत त्रिकेश नीचीचे, शत्रुराशीत किंवा अस्तंगत असतील आणि लग्नेश बलवान असेल तर राज्य, असं सांगितलंय. म्हणजे गुंड जितका दुबळा तितकं बरं. त्या न्यायानं हा सूर्य फार बळकट आहे. माझं म्हणणं असं की बळकट व्ययेशानं आकडे मोठे होतात. जाणारा पैसाही मोठा आणि परत येणाराही मोठा. मंगळ मात्र 12 अंशांवर असल्यानं नवांशात कर्केत, नीच राशीत जातो. अष्टमेश आतून पोकळ आहे, आणि आठव्याच्या मालकानं पोकळ असणं हे इथे हवंच आहे.

हे फळ केव्हा मिळणार? योग पत्रिकेत जन्मभर असतो, पण बोलतो तो त्या ग्रहांच्या दशेत. चंद्र धनूत 20 अंशांवर म्हणजे पूर्वाषाढा नक्षत्राच्या बरोबर मध्यावर. जन्मतः शुक्राची महादशा, वीसपैकी दहा वर्षं शिल्लक. दहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत सूर्य, मग दहा वर्षं चंद्र, आणि वयाच्या 26व्या वर्षापासून 33व्यापर्यंत मंगळ.

सूर्याची महादशा बालपणात संपून गेली. इथे पुष्कळांचा अंदाज चुकतो. व्ययेशाची दशा मुलाला आली तर फळ मुलाच्या हातात पडत नाही, कारण त्याच्याकडे ना कर्ज असतं ना शत्रू. ते घरच्यांमधून वाहतं. सूर्य पित्याचा कारकही आहे, तेव्हा त्या सहा वर्षांत वडिलांचा उद्योग बसणं, बदली, दूरगावी जाणं आणि त्यातूनच पुढची सोय होणं, असं काहीतरी विचारून पाहावं. ‘माझ्या योगाची दशा वायाच गेली’ असं म्हणणाऱ्याला बहुधा घरातलं ते वर्ष आठवतच नसतं.

खरं पाहायचं ते मंगळाच्या सात वर्षांत. पहिले 4 महिने 27 दिवस मंगळाचंच अंतर, म्हणजे महादशेतली पोटदशा, मग 1 वर्ष 18 दिवस राहू, 11 महिने 6 दिवस गुरू. तोपर्यंत वय झालं 28 वर्षं आणि जवळजवळ पाच महिने. तिथून 1 वर्ष 1 महिना 9 दिवस शनीचं अंतर. आता गोचर पाहा. चंद्र धनूत असल्यानं साडेसाती वृश्चिक, धनू, मकर या तीन राशींमध्ये झाली. शनीला पूर्ण फेरीला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, तेव्हा तो मकर सोडून कुंभेत पाऊल टाकतो ते याच सुमारास, आणि आपल्या जन्मींच्या 11 अंशांवर येतो तेव्हा हे अंतर संपत आलेलं असतं. साडेसाती संपली म्हणून घरात नारळ फोडला जातो आणि त्याच महिन्यांत षष्ठेशाचं अंतर अंगावर येतं. लोक गोंधळतात. ज्योतिषानं तर साडेसाती गेली म्हणून सांगितलं होतं, मग ही नोटीस कसली आली?

असा प्रसंग डोळ्यासमोर आणा. हा माणूस एका लेथच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. सहाव्यात कुंभेचा शनी, त्यामुळे नोकरी, यंत्रं, कामगार हे सगळं बसतं. राहूच्या अंतरात मालकानं कर्ज काढून दोन नवी यंत्रं घेतली आणि यालाही थोडे पैसे गुंतवायला लावले. गुरूच्या अंतरात हप्ते थकू लागले. शनीच्या अंतरात पगार थांबला, देणेकरी दारात आले, कुणीतरी कोर्टात गेलं. याचे गुंतवलेले पैसे बुडाले, आणि ते पैसे मुलीच्या नावानं बाजूला ठेवलेले होते. पंचमेश सहाव्यात, हे ते. इथपर्यंत कुणीही हिला वाईट पत्रिकाच म्हणेल.

मग 29 वर्षं 6 महिन्यांना बुधाचं अंतर लागतं, 11 महिने 27 दिवसांचं. लग्नेश आणि दशमेश, भाग्यात बसलेला. बँकेनं यंत्रं ताब्यात घेतली आहेत आणि लिलाव लावला आहे. घेणारे भंगारवाले आलेत, ते किलोच्या भावानं बोलतायत. या माणसाला मात्र ठाऊक आहे की दोनपैकी एका यंत्राचा बेड सरळ आहे, फक्त स्पिंडलचं बेअरिंग गेलंय, आणि ते काही हजारांत बदलता येतं. ज्या संकटानं त्याची नोकरी घेतली, त्याच संकटानं ते यंत्र त्याच्या आवाक्यात आणून ठेवलं. आठवं म्हणजे दुसऱ्याचा बुडालेला पैसा, बारावं म्हणजे त्याची वाट लागणं. अष्टमेश बाराव्यात. मालकाची जी हानी झाली ती याच्या वाट्याला भांडवल होऊन आली.

विपरीत राजयोगाच्या लाभाला असा आकार असतो. तो नफ्याच्या चढत्या रेषेसारखा येत नाही. कुणीतरी पडल्यानं जागा रिकामी होते आणि आपण तिथे असतो. वरचा अधिकारी एकाएकी गेला, प्रतिस्पर्ध्याचं दुकान बंद झालं, वादातली जमीन तडजोडीत सुटली, विम्याचे पैसे आले, नको असलेलं वारसाहक्काचं घर रस्ता रुंदीकरणात गेलं आणि मोबदला मिळाला. म्हणून ज्यांचा धंदाच सहा-आठ-बाराचा असतो, त्यांना हा योग सगळ्यात सरळ फळतो: वसुलीचं काम करणारे, विम्याचे सर्व्हेअर, फौजदारी वकील, अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि परिचारिका, जुन्या मालाचे व्यापारी. त्यांच्याकडे संकट रोज येतंच, फक्त ते दुसऱ्याचं असतं. पत्रिका पाहताना मी पहिल्यांदा व्यवसाय विचारावा असं म्हणते ते याचसाठी. एकच योग वसुली अधिकाऱ्याला बढती देतो आणि किराणा दुकानदाराला आधी दिवाळखोरीच्या काठावर नेऊन मग परत आणतो.

पुढे शुक्राचं अंतर संपल्यावर 32 वर्षांना महिना उलटायच्या आत सूर्याचं अंतर लागतं, अवघं 4 महिने 6 दिवसांचं. अन्योन्यातला दुसरा भागीदार. इतकं छोटं की दुर्लक्ष होतं, पण अशा जोडीत दुसऱ्या स्वामीच्या अंतरात पहिल्याचा हिशेब मिटतो. जुन्या खटल्याचा निकाल, अडकलेली रक्कम, परगावची मोठी ऑर्डर हे इथे बघावं. त्याच सुमारास मोठा खर्चही होईल, उच्चीचा व्ययेश तो केल्याशिवाय राहत नाही. आणि मंगळाचं तिसरं घर विसरू नये. तृतीयेश आणि भावंडांचा कारक, दोन्ही बाराव्यात. धाकटा भाऊ लांब जाईल, किंवा या यंत्रांच्या धंद्यात भागीदार होऊन मग बाजूला होईल. तेवढी किंमत इथे आहे.

आता हीच पत्रिका किती सहज मोडते ते पाहू. एकच ग्रह हलवू. गुरू वृश्चिकेऐवजी धनूत, चंद्राबरोबर चौथ्यात ठेवा. वाचणारा आनंदेल: गुरू स्वराशीत, केंद्रात, गजकेसरी झाला, आणि त्याची शुभ दृष्टी पाचवीनं सूर्यावर नि नववीनं मंगळावर. संकटात गुरूचं संरक्षण, आणखी काय हवं! पण हा गुरू चतुर्थेश आणि सप्तमेश आहे. तो कोंडलेल्या खोलीची कडी काढून आत डोकावला. आता यंत्राचा लिलाव जिंकायला घर गहाण ठेवावं लागतं, किंवा बायकोचे दागिने. माणूस वाचतो, कारण गुरू बलवान आहे, पण ते राजयोगाचं फळ राहत नाही. आपली एक चांगली वस्तू देऊन संकटातून सोडवून घेतलेली ती सुटका असते. शुभ ग्रहाची दृष्टी पडली की सगळं चांगलंच, ही सवय या एका योगापुरती बाजूला ठेवावी लागते.

दुसरा ग्रह हलवा. बुध वृषभेऐवजी मेषेत, सूर्यापासून पाच-सहा अंशांवर. लग्नेश आठव्यात, अस्तंगत, व्ययेशाबरोबर. सूर्य-मंगळाचा अन्योन्य तसाच राहिला, शनीची दृष्टी तशीच राहिली, सॉफ्टवेअर अजूनही ‘विपरीत राजयोग आहे’ असंच छापेल. पण लिलावाच्या दिवशी हा माणूस दवाखान्यात असेल. यंत्र स्वस्त निघालं, ते घेतलं दुसऱ्यानं. मंत्रेश्वरांचा अवयोग तो हाच.

तिसरी गोष्ट ग्रहांची नाही, घड्याळाची आहे, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोटाळा तीच करते. लग्नाचा एक अंश साधारण चार मिनिटांत सरकतो. वरच्या जन्मवेळेच्या जवळपास पन्नास मिनिटं आधी जन्म धरला तर लग्न कन्या 2 अंश येतं. राशी-कुंडली तशीच राहते, पण लग्नाच्या अंशावरून भावांच्या सीमा ठरवणारं भावचलित मांडलं तर आठव्या भावाचा मध्य मेषेच्या 2 अंशांवर आणि शेवटची सीमा, म्हणजे संधी, 17च्या आसपास येते. 19 अंशांवरचा सूर्य चलितात नवव्या भावात गेला. अन्योन्य राशींनी शिल्लक आहे, पण व्ययेश आता भाग्यातही बोट घालतो. अशा वेळी फळ अर्धवट येतं आणि वडिलांशी किंवा वडिलोपार्जित गोष्टीशी त्याची गाठ पडते. चलित न पाहता विपरीत राजयोग ठामपणे सांगणं मला पटत नाही.

आणखी दहा-पंधरा मिनिटं मागे जा. लग्न सिंहेच्या शेवटच्या अंशांत गेलं. आकाश तेच, ग्रह तेच, त्यांचे अंशही तेच. आता सूर्य लग्नेश झाला आणि तो उच्चीचा होऊन भाग्यात बसलाय. मंगळ चतुर्थेश-भाग्येश, म्हणजे सिंहेचा योगकारक, लग्नात. आठ आणि बाराचा अन्योन्य होता, तो एक आणि नऊचा अन्योन्य झाला. हा सरळ, धडधडीत राजयोग. दोन्ही लग्नांना मंगळाच्या महादशेत भरभराट निघते, म्हणून ‘तुमची 26 ते 33 चांगली गेली ना?’ असं विचारून जन्मवेळ पक्की करणारा इथे हमखास फसतो. दोन्हीकडून उत्तर ‘हो’च येणार.

इथे विचारायचं ते वेगळं. त्या वर्षांत मिळालं ते वर चढत मिळालं, की आधी काही हातचं गेलं आणि मग मिळालं? मिळालं ते कुणाच्या आशीर्वादानं, वडिलांच्या ओळखीनं, घर-जमिनीच्या आधारानं मिळालं, की कुणाच्या तरी बंद पडलेल्या, बुडालेल्या, सोडून दिलेल्या जागेवर मिळालं? साधारण साडेअठ्ठावीस ते साडेएकोणतीस या काळात शनीच्या अंतरात काय झालं? सिंहेला शनी षष्ठेश-सप्तमेश होऊन सातव्यात, स्वराशीत बसतो. तिथे त्या वर्षभरात लग्न जमणं किंवा भागीदारीचा करार असं निघेल. कन्येला त्याच महिन्यांत थकलेला पगार, कोर्टाची तारीख, डॉक्टरची चिठ्ठी निघेल. धाकट्या भावंडाचं काय झालं हेही विचारावं, कारण कन्येला मंगळ तृतीयेश आहे आणि सिंहेला नाही. ही तीन उत्तरं एका बाजूला झुकली की मग जन्मवेळेचा कागद पुन्हा काढायचा. त्यावर ‘3 वाजता’ असं गोल लिहिलेलं असेल, तर ती वेळ नर्सनं बाळाला पुसून, गुंडाळून झाल्यावर भिंतीकडे पाहून लिहिली असण्याचीच शक्यता जास्त, आणि लग्न दोन-चार अंश इकडे-तिकडे सरकवून पाहायला हरकत नसते.